मशीनचे पैसे एकदाच गेले, मग खर्च आठ वर्षं का लिहायचा?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, मालक मी एकटाच. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएनसी लेथ घेतलं. बिल १४ लाख १६ हजार, वर वाहतुकीचं भाडं, हायड्रा क्रेन, फाउंडेशन, वायरिंग मिळून आणखी एक लाख. १ ऑक्टोबरला मशीन चालू झालं, पैसे सगळ्यांचे चुकते केले. आणि २०२४-२५ च्या नफा-तोट्यात घसारा फक्त ७५,०००! रिटर्नसोबतच्या हिशेबात तोच घसारा १,९५,०००. खिशातून पंधरा लाख गेले आणि खर्च एवढाच? शिवाय या दोनपैकी खरा आकडा कुठला?

उत्तर:

दोन्ही आकडे बरोबर आहेत. तुमच्या अकाउंटंटने काम नीट केलेलं दिसतंय, समजावून सांगायचं मात्र राहून गेलं. तीस वर्षं नौपाड्यात बसून लोकांच्या वह्या लिहितेय, त्यामुळे सांगते की हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच, आणि विचारणारा बहुतेक वेळा थोडा चिडलेला असतो.

आधी पंधरा लाखांचं बघू. तुम्ही ठाणे-रबाळे लोकलचा तीन महिन्यांचा पास काढता तेव्हा पैसे एका दिवशी देता, पण त्या दिवशीचा प्रवास एवढा महाग पडला असं काही म्हणत नाही. पास नव्वद दिवस वापरायचा असतो. मशीनचंही तसंच आहे, फक्त पासवर संपायची तारीख छापलेली असते आणि मशीनवर नसते. वर्षभरातलं कूलंट, इन्सर्ट, वीज, पगार हे सगळं ३१ मार्चला संपलेलं असतं, म्हणून ते त्याच वर्षाच्या खर्चात जातं. मशीन मात्र ३१ मार्च २०२५ ला गाळ्यात उभं होतं आणि उद्याचं काम करायला तयार होतं. त्याची सगळी किंमत पहिल्या सहा महिन्यांच्या माथी मारली असती, तर त्या वर्षी धंदा बुडाला असं वहीत दिसलं असतं आणि पुढची साडेसात वर्षं मशीन फुकट चालतंय असं. दोन्ही खोटं. म्हणून मशीनची किंमत आधी मालमत्ता म्हणून खतावणीत चढवायची आणि ज्या वर्षी जेवढी वापरली तेवढी तिथून उचलून खर्चात टाकायची. ही उचल म्हणजे घसारा. खिशातून पैसे जाणं आणि खर्च होणं या दोन घटना वेगळ्या दिवशी घडू शकतात, एवढं पटलं की बाकीचं सोपं आहे.

आता वाटायची ती रक्कम किती? तुम्ही पंधरा लाख म्हणता, तुमच्या मशीनच्या खात्यात तेरा लाख आहेत. तुमच्या १४,१६,००० च्या बिलात १२,००,००० मशीनची किंमत आणि २,१६,००० जीएसटी आहे. हा जीएसटी तुम्ही क्रेडिट म्हणून घेतलाय, म्हणजे तो तुमच्या विक्रीवरच्या करातून वळता झाला. जे परत मिळालं ते मशीनच्या किमतीत धरता येत नाही. कायदाही तेच सांगतो: कराच्या रकमेवर घसारा घेतला तर क्रेडिट मिळणार नाही. दोहोंपैकी एकच. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असता तर क्रेडिट मिळालं नसतं, आणि मग ते २,१६,००० मशीनच्या किमतीत गेले असते.

वरचे एक लाख मात्र किमतीत येतात. वीस हजार भाडं, दहा हजार हायड्रा, तीस हजार फाउंडेशन, चाळीस हजार केबल आणि स्टॅबिलायझर असे ते असावेत असं धरते. तुमचा हिशेब थोडा इकडेतिकडे असेल. मशीन चालू होईपर्यंत त्याला जागेवर आणायला आणि उभं करायला जे लागलं ते सगळं त्याच्याच अंगाला चिकटतं. नवी मुंबईतल्या छोट्या वर्कशॉपच्या वह्यांत मला सगळ्यात जास्त चूक इथेच सापडते. हायड्रावाल्याचे पैसे 'इतर खर्च', फाउंडेशन 'बिल्डिंग दुरुस्ती', केबल 'इलेक्ट्रिक मेंटेनन्स'. बिल वेगळं आलं की डेटा एन्ट्री करणारी मुलगी ते वेगळ्या खात्यात टाकते, आणि तिला कोणी सांगितलेलं नसतं की हे सगळं एकाच मशीनचं आहे. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या तिमाहीत मशीन आलं, त्या तिमाहीतला दुरुस्ती खर्च एकदम फुगलेला दिसतो.

उलटी चूकही होते. ऑपरेटरला प्रोग्रॅमिंग शिकवायला कोणी माणूस आला असेल आणि त्याने बारा हजार घेतले असतील, तर ते मशीनच्या किमतीत जात नाहीत, त्याच वर्षी खर्चात जातात. शिकलेला ऑपरेटर उद्या महापेला दुसरीकडे गेला तर मशीन काही त्याच्याबरोबर जात नाही. वर्षाचा विमाही खर्चात, पण मशीन वाटेत असतानाचा विमा किमतीत.

आता आयुष्य. तुमच्या अकाउंटंटचं गणित असं आहे: तेरा लाखांतून शेवटी भंगार म्हणून एक लाख येतील, उरले बारा लाख, ते आठ वर्षांत वाटले की वर्षाला दीड लाख. पहिल्या वर्षी मशीन सहा महिनेच चाललं, म्हणून ७५,०००. पुढच्या वर्षापासून पूर्ण दीड लाख लागेल, आणि ३० सप्टेंबर २०३२ ला आठ वर्षं पुरी होतील तेव्हा खात्यात ते भंगाराचे एक लाख उरतील. हप्ता दर वर्षी सारखाच, म्हणून याला सरळ रेषेची पद्धत म्हणतात.

आठ वर्षंच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरं तर हाच विचारायला हवा होता. कारण या सगळ्या गणितात पक्का आकडा एकच आहे, तो म्हणजे तेरा लाख. आयुष्य आणि भंगार हे दोन्ही अंदाज आहेत, आणि ते अंदाज अकाउंटंटपेक्षा तुम्हाला जास्त चांगले करता येतात. मशीन तीन तऱ्हांनी संपतं. एक, वापरून: स्पिंडलचं बेअरिंग, बॉलस्क्रू, गाइडवे झिजतात आणि माप पकडेनासं होतं. दोन, नुसतं उभं राहून: रबाळे ज्यात येतं त्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात खाडीची खारी हवा आहे, पॅनलमधले कनेक्टर हिरवे पडतात, हे तुम्ही मला शिकवाल. आणि तीन, जुनं होऊन: लोखंड धडधाकट असतं, पण कंट्रोलरचं कार्ड मिळत नाही किंवा गिऱ्हाईक मागतं ती अचूकता त्यातून निघत नाही. या तिघांतलं जे आधी येईल तेच आयुष्य. सीएनसीमध्ये बऱ्याचदा तिसरं आधी येतं.

कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ वर्षं दिली आहेत, तीही एका पाळीच्या हिशेबाने. दोन पाळ्या चालवल्या तर तेवढ्या काळाचा घसारा दीडपट धरायचा, तीन पाळ्यांना दुप्पट. तुम्ही कंपनी नाही, त्यामुळे ती अनुसूची तुम्हाला बांधत नाही. पण त्यातला पाळ्यांचा विचार घेण्यासारखा आहे. उद्या मोठी ऑर्डर मिळाली आणि रात्रपाळी सुरू केलीत, तर अकाउंटंटला कळवा. वहीला आपोआप कळत नाही.

अंदाज चुकला तर? समजा चार वर्षांनी, सप्टेंबर २०२८ ला, लक्षात आलं की हे मशीन अजून तीनच वर्षं ओढेल. तोवर सहा लाख घसारा झालेला असेल, खात्यात सात लाख उरलेले असतील. भंगाराचे एक लाख बाजूला ठेवून उरलेले सहा लाख तीन वर्षांत वाटायचे, म्हणजे इथून पुढे वर्षाला दोन लाख. मागची वर्षं उकरायची नाहीत. त्या वेळी जे माहीत होतं त्यावर तो अंदाज केला होता, त्यात चूक काही नव्हती.

हा दीड लाखाचा आकडा तुमच्या धंद्यात कुठे उपयोगी पडतो ते सांगते, कारण लोक घसाऱ्याकडे नुसतं कराचं प्रकरण म्हणून बघतात. एका पाळीत वर्षाचे तीनशे दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर मशीन २,४०० तास चालतं. दीड लाख भागिले २,४००, म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. जॉबचा रेट काढताना तुम्ही मटेरिअल, मजुरी, वीज, टूल धरता. हे साडेबासष्ट धरता का? बरेच जण धरत नाहीत, कारण मशीनचे पैसे 'देऊन झालेले' असतात. मग रेट थोडा खाली देऊन काम मिळतं, हातात रोकड खेळते, धंदा बरा चाललाय असं वाटतं, आणि आठव्या वर्षी कळतं की रोज आपण मशीनचाच थोडा थोडा तुकडा विकत होतो. मशीन दिवसाला पाचच तास चालत असेल तर तोच आकडा तासाला शंभर होतो. रिकामं उभं राहिलेलं मशीनही झिजतं, निदान वहीत.

आता नोंद. टॅलीत तुमच्याकडे मशीनचं खातं `Fixed Assets` गटात असेल. ३१ मार्च २०२५ ला `F7` दाबून जर्नल व्हाउचर घातलेलं दिसेल, साधारण असं:

```
31-Mar-2025   Journal
Dr  Depreciation                           75,000
Cr  Accumulated Depreciation - CNC Lathe   75,000
```

पहिली ओळ नफा-तोट्यात जाऊन बसते आणि वर्ष संपलं की मिटते. दुसरी ओळ, संचित घसारा, मिटत नाही, वर्षानुवर्षं साचत जाते आणि ताळेबंदात मशीनच्या तेरा लाखांतून वजा होते. म्हणून ३१ मार्च २०२५ ला मशीन १२,२५,००० ला दिसतं. काही जण संचित घसाऱ्याचं वेगळं खातं न काढता रक्कम थेट मशीनच्या खात्याला जमा करतात. चूक नाही, पण मला ते आवडत नाही. चार वर्षांनी खातं उघडलं की मूळ किंमत किती होती, किती खाल्ली गेली, काही कळत नाही, नुसता उरलेला आकडा समोर येतो. वेगळं खातं ठेवलं की दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात, आणि नुसत्या नजरेने कळतं की मशीन म्हातारं झालंय की तरणं आहे.

या नोंदीत बँकेचं नाव कुठेही नाही, हे नीट बघा. घसाऱ्याच्या नोंदीने एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. म्हणून 'संचित घसारा १२ लाख' असं ताळेबंदात दिसलं म्हणजे बारा लाख कुठेतरी साचून पडलेत असं समजू नका. वागळे इस्टेटमधले माझे एक जुने अशील हा आकडा बघून मला म्हणाले होते, "मॅडम, मग हे पैसे काढून नवीन मशीन घेऊ या की!" पैसे नव्हतेच. दर वर्षी घसाऱ्याएवढा नफा कमी दिसला, त्यामुळे तेवढी रोकड धंद्यात मागे राहायला हवी होती. पण घरखर्चाला आणि मुलीच्या लग्नाला ती त्यांनी उचलली होती. उचलू नये असं वही कधीच सांगत नाही. पैसे साठवायचे असतील तर दर महिन्याला खरोखरीची मुदत ठेव काढावी लागते, ती वेगळी नोंद, आणि तिच्यात बँकेचं नाव असतं. तरीही ते पैसे जुन्या किमतीएवढेच साचतील. आठ वर्षांनी येणाऱ्या मशीनची किंमत आजची नसेल.

ज्यांनी मशीन कर्जावर घेतलंय त्यांचा गोंधळ याच्याही पुढचा असतो. त्यांना वाटतं हप्ता हाच खर्च. हप्त्यातलं व्याज खर्च आहे, मुद्दल नाही. मुद्दल म्हणजे नुसती उधारी फेडणं. मशीनच्या किमतीचा खर्च घसाऱ्यातून आधीच लिहिला जातोय, मुद्दलही खर्चात टाकलं तर तेच मशीन दोनदा खर्ची पडेल. तुम्ही रोख घेतलंत, म्हणून तुमची त्यातून सुटका झाली.

लगे हात आणखी एक. १२,२५,००० हा मशीनचा बाजारभाव नव्हे. आज विकायला काढलं तर कदाचित नऊ लाखच येतील, कारण नवी वस्तू दारात आली की पहिल्याच दिवशी बरीच उतरते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही दिलेल्या तेरा लाखांपैकी इतके अजून वापरायचे बाकी आहेत. विमा काढताना हा आकडा देऊ नका, गिऱ्हाइकाला मशीन विकतानाही देऊ नका.

आता तो दुसरा कागद, १,९५,००० वाला. तो आयकराचा हिशेब आहे आणि त्याला तुमच्या आठ वर्षांशी काही देणंघेणं नाही. सरकारने प्रत्येकाच्या अंदाजावर विसंबून राहायचं ठरवलं असतं तर सगळ्यांची मशीनं दोन वर्षांत भंगारात निघाली असती. म्हणून आयकरात ठरलेले दर आहेत: साधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के, फर्निचरला १०, संगणकाला ४०. आणि हे टक्के मूळ किमतीवर नव्हे, दर वर्षी उरलेल्या रकमेवर लागतात. तेरा लाखांवर १५ टक्के म्हणजे १,९५,०००, उरले ११,०५,०००. २०२५-२६ मध्ये त्या ११,०५,००० वर १५ टक्के, म्हणजे १,६५,७५०, उरले ९,३९,२५०. असा घसारा दर वर्षी लहान होत जातो आणि रक्कम पूर्ण शून्याला कधीच पोचत नाही. सुरुवातीला जास्त, पुढे कमी. तुमच्या वहीत कायम सारखा. काही वर्षांनी करातला घसारा तुमच्या दीड लाखाच्या खाली जाईल आणि मग तुम्हाला उलटा प्रश्न पडेल. एकूण खर्ची पडणारी रक्कम तीच, वाटायची चाल वेगळी. दोन कागदांतला फरक अकाउंटंट कराच्या हिशेबात जुळवून देतो: नफ्यात ७५,००० मिळवायचे आणि १,९५,००० वजा करायचे.

मशीन सहाच महिने चालूनही करात पूर्ण वर्षाचा दर मिळाला, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. आयकरात महिन्यांचा हिशेब नाही. घेतलेल्या वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे तुमचे १८२ दिवस झाले, म्हणून पूर्ण. २०२४-२५ साठी शेवटची तारीख ३ ऑक्टोबर होती. ४ ऑक्टोबरला बटण दाबलं असतंत तर १७९ दिवस भरले असते आणि घसारा ९७,५०० वर आला असता. उरलेलं बुडत नाही म्हणा: मग १२,०२,५०० उरले असते आणि पुढच्या वर्षी १,६५,७५० ऐवजी १,८०,३७५ मिळाले असते. पण एवढी मोठी वजावट एक वर्ष आधी मिळणं आणि हळूहळू मिळणं यात फरक आहेच.

म्हणून तुमच्या फाइलमध्ये एक गोष्ट तपासा. तुमचं बिल सप्टेंबरचं आहे, पण बिलाची तारीख पुरत नाही. मशीन वापरात कधी आलं ते दाखवावं लागतं. तुम्ही तर काठावर आहात, दोनच दिवसांच्या फरकाने. मशीन बसवून देणाऱ्या इंजिनिअरचा चालू केल्याचा रिपोर्ट, त्यावर त्याची आणि तुमची सही, आणि १ ते ३ ऑक्टोबरमधलं पहिल्या जॉबचं चलन एवढं असलं तर बस. माझ्याकडच्या एका वर्कशॉपला हे नडलं होतं: बिल ऑगस्टचं, पण वाढीव वीजभार मिळाला नोव्हेंबरमध्ये. मशीन अडीच महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं होतं. त्यांनी बिलावर बोट ठेवून पूर्ण दर मागितला, आणि त्यांचंच वीजबिल त्यांच्याविरुद्ध साक्षीला आलं.

दुसरी तपासणी रोखीची. मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत, तर ती रक्कम आयकरात मशीनच्या किमतीत धरत नाहीत. हायड्रावाल्याचे दहा हजार जेमतेम बसले. फाउंडेशनवाल्याला तीस हजार एकरकमी रोख दिले असतील तर करापुरती किंमत तेरा लाख नाही, १२,७०,००० आहे. वहीत मात्र तेरा लाखच राहतील, कारण पैसे खरोखर गेलेत.

नव्या मशीनवर आणखी २० टक्के जादा घसारा मिळतो असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो उत्पादन करणाऱ्यांना मिळतो, पण नवी करप्रणाली घेतलेल्या तुमच्यासारख्या एकट्या मालकाला नाही. तुमच्या कागदावर तो दिसत नाही त्याअर्थी तुम्ही नव्या प्रणालीत असाल. आणि नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. तुमचं २०२४-२५ चं वर्ष जुन्या, १९६१ च्या कायद्यातच बसतं.

आता एक सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगून ठेवते: "बँकेला बॅलन्सशीट द्यायचंय, नफा कमी दिसतोय, या वर्षी घसारा नको टाकू या." करात याचा उपयोग शून्य आहे. तुम्ही मागा किंवा न मागा, घसारा घेतला असंच धरून पुढच्या वर्षीची रक्कम काढतात. सोडलेला घसारा कायमचा गेला. आणि बँकेच्या माणसाला फसवता येईल हा भ्रम आहे. तो कर्ज फेडायची ताकद बघताना नफ्यात घसारा परत मिळवूनच हिशेब करतो, कारण त्यात रोकड जात नाही हे त्याला ठाऊक असतं. ७५,००० टाकले तरी आणि न टाकले तरी त्याची बेरीज तीच. न टाकल्याचं मात्र त्याच्या डोळ्यात भरतं.

शेवटी विक्री, कारण मशीनचं खातं बंद व्हायचं ते तिथे. वर धरलेल्या सप्टेंबर २०२८ मध्ये तुम्ही हे मशीन जीएसटी सोडून ६,२०,००० ला विकलंत असं समजू. वहीत त्या दिवशी तेरा लाख वजा सहा लाख, म्हणजे सात लाख उरलेले असतील. मिळाले ६,२०,०००. ऐंशी हजार तोटा. खातं बंद करताना तीन गोष्टी एकाच नोंदीत याव्या लागतात: मशीनचे तेरा लाख खात्यातून काढायचे, संचित घसाऱ्याचे सहा लाखही काढायचे, आणि उरलेल्या सात लाखांपैकी बँकेत आले तेवढे सोडून ऐंशी हजार नफा-तोट्यात टाकायचे. या तोट्याने घाबरू नका. चार वर्षांत आपण दर वर्षी वीस हजार घसारा कमी धरला होता, ते त्या दिवशी एकदम कळलं.

करात असा वेगळा तोटा निघत नाही. तिथे एका दराची सगळी यंत्रं एका गठ्ठ्यात असतात, ज्याला ब्लॉक म्हणतात. विक्रीचे ६,२०,००० त्या गठ्ठ्यातून वजा होतात आणि उरलेल्यावर घसारा चालू राहतो. गठ्ठ्यात हे एकच मशीन असेल तर २०२७-२८ अखेर त्यात सुमारे ६,७८,६०० उरलेले असतील. विक्रीनंतर गठ्ठा रिकामा होतो आणि ५८,६०० च्या आसपास अल्पकालीन भांडवली तोटा दाखवावा लागतो.

मी बघितलेली सगळ्यात महागडी चूक विक्रीच्या नोंदीतलीच. एका छापखान्याने जुनं कटिंग मशीन भंगारवाल्याला दिलं, पैसे आले ते कोणी 'इतर उत्पन्न' मध्ये टाकले. मशीनच्या खात्याला हातच लागला नाही. विकलेल्या मशीनवर पुढची पाच वर्षं घसारा चालू राहिला, विम्याच्या यादीतही ते होतं, हप्ता भरला जात होता. मी वह्या हातात घेतल्यावर यादी घेऊन गाळ्यात गेले आणि एकेका मशीनवर खडूने टिक केली. यादीत अकरा, जमिनीवर दहा. मालकांना विचारलं तर ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले, जिथे आता कागदाचे रीम रचलेले होते.